मोसंबी, उसाचा रस आणि वजनकाटा: जानेवारी ते जूनचा हिशोब

आमच्या पतसंस्थेत दर जानेवारीला कर्मचाऱ्यांची वैद्यकीय तपासणी असते. रक्त उपाशीपोटी द्यायचं, एक फॉर्म दोन प्रतींत भरायचा, त्यावर शाखाधिकाऱ्यांची सही घ्यायची आणि रिपोर्ट आल्यावर 'फिट'चा शिक्का मारून आणायचा. यंदा माझ्या फॉर्मवर शिक्क्याआधी डॉक्टरांनी पेनानं तीन ओळी लिहिल्या: वजन कमी करणे, गोड बंद, फळे बंद. वजन ७४.२ किलो, उंची पाच फूट दोन इंच, उपाशीपोटी साखर १०४, रक्तातली चरबी म्हणजे ट्रायग्लिसराइड १८८. वय ४४.

गोड बंद हे समजलं. 'फळे बंद' मात्र डोक्यात शिरेना. त्याच आठवड्यात मुलाच्या जिममधले सर म्हणाले, "काकी, फळं नको, त्यातली साखर, फ्रुक्टोज, थेट चरबीत जाते." आणि रंकाळ्यावर सकाळी माझ्यासोबत फिरणाऱ्या निम्म्या बायका फिरणं झालं की गाड्यावरचा बीट-गाजर-सफरचंद नाहीतर मोसंबीचा रस घेतात, तोही वजन कमी करायलाच. म्हणजे एकाच गावात फळ चरबी वाढवतं आणि फळाचाच रस ती उतरवतो. याचा एकदा नीट छडा लावायचा असं ठरवून मी आहारतज्ज्ञांची वेळ घेतली. पुढचं सगळं लिहितेय कारण हाच गोंधळ माझ्या ओळखीतल्या दहाजणींचा तरी आहे.

वेळ मिळायला जवळजवळ तीन आठवडे लागले. पहिल्या भेटीची फी ८००, नंतरच्या प्रत्येकीची ४००. फोनवरच सांगितलं होतं की येताना सगळे रिपोर्ट आणा आणि किमान आठवडाभर जे तोंडात जाईल ते वहीत लिहून आणा, पेयांसकट. 'पेयांसकट' हा शब्द त्यांनी दोनदा म्हटला. तुम्ही जाणार असाल तर वही आधीच सुरू करा, नाहीतर पहिल्या भेटीत फक्त वजन-उंची होते आणि ८०० रुपये जातात. किचनचा डिजिटल वजनकाटाही घ्या, सहाशेच्या आत चांगला मिळतो. कपभर, वाटीभर या मापांत प्रत्येक घराची वाटी वेगळी.

मॅडमनी वही चाळली आणि चार ठिकाणी गोल केले. दुपारी डब्यानंतरचं केळ, संध्याकाळचा पेरू, फिरून आल्यावरचा मोसंबीचा रस आणि ऑफिस सुटल्यावर राजारामपुरीत घेतलेला उसाचा रस. केळ आणि पेरूवर बरोबरची खूण. दोन्ही रस त्यांनी चहातल्या साखरेच्या रकान्यात नेऊन लिहिले.

मी विचारलं, "मॅडम, साखर घातलेली नाही त्यात."

"घातलेली नसली तरी मोकळी आहे," त्या म्हणाल्या.

जागतिक आरोग्य संघटनेची २०१५ ची एक मार्गदर्शिका आहे. तिच्यात साखरेचे दोन गट पाडलेत. अख्ख्या फळात पेशींच्या भिंतींआड बसलेली साखर एका गटात. आणि चमच्यानं घातलेली साखर, गूळ, मध, पाक आणि फळांचे रस दुसऱ्या गटात, ज्याला मुक्त साखर म्हणतात. दुसऱ्या गटाला मर्यादा आहे: दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत, जमलं तर ५ टक्क्यांच्या. अख्ख्या फळाला ती मर्यादा लागू नाही. मला मॅडमनी दिवसाला साधारण १५०० कॅलरी ठरवून दिल्या होत्या. त्यांचे १० टक्के म्हणजे १५०, आणि एक ग्रॅम साखरेच्या चार कॅलरी धरल्या तर ३७ ग्रॅम साखर. पाच टक्क्यांवर गेलं तर १९ ग्रॅम. दिवसाच्या चार चहांत एकेक चमचा म्हणजे वीस ग्रॅम तिथंच संपले. रसाला जागा कुठून आणायची?

पण रसात नक्की किती साखर असते? पुस्तकातले आकडे मॅडमनी सांगितलेच, पण आमच्या घरी आकडा काढायचं एक साधन आहे. माझा चुलतभाऊ साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट आहे. गळीत हंगामात तो घरी क्वचितच दिसतो. फेब्रुवारीत एका रविवारी जेवायला आला तेव्हा मी त्याला हातातला रिफ्रॅक्टोमीटर आणायला सांगितलं. जाड पेनासारखी नळी, एका टोकाला तिरकी काच आणि तिच्यावर झाकण, दुसऱ्या टोकाला डोळा लावायचा. कारखान्यात उसाच्या रसाचा ब्रिक्स, म्हणजे रसात विरघळलेल्या पदार्थांचं प्रमाण, बघतात ते यानंच.

दादानं आधी काचेवर साध्या पाण्याचा थेंब टाकून रेघ शून्यावर आणली. मग मोसंबीच्या रसाचा थेंब टाकला, झाकण मिटलं, खिडकीकडं तोंड केलं आणि नळी माझ्या हातात दिली. आत वर निळं, खाली पांढरं आणि मध्ये रेघ. पहिल्यांदा रेघ धूसरच दिसली.

"चोथा आहे त्यात," दादा म्हणाला. "फडक्यातनं गाळ की. आणि बर्फ टाकायच्या आधी घे, नाहीतर पाणीच मोजशील."

गाळून घेतला तेव्हा रेघ नऊवर स्वच्छ थांबली. म्हणजे शंभर ग्रॅम रसात नऊ ग्रॅम विरघळलेले पदार्थ. ते सगळं साखर नसतं, मोसंबीत आंबटपणाही विरघळलेला असतो, त्यामुळं खरी साखर आठाच्या आसपास. मग सफरचंदाचा रस काढला, १२. काळी द्राक्षं, १८. बाहेरच्या एका गाड्यावरून 'बिनसाखरेचा' म्हणून बाटलीत भरून आणलेला मोसंबीचा रस, १४. घरच्या मोसंबीत आणि त्यात पाचाचा फरक. मोसंबीची जात किंवा पिकलेपण वेगळं असलं तर एक-दोन अंश इकडंतिकडं होतात, पाच होत नाहीत. अडीचशे मिलीच्या ग्लासाला ती साधारण अडीच चमचे साखर झाली. ताज्या रसाला पाक लावायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे आणि आपण समोर उभं राहून 'साखर नको' म्हटलं तरी पातेल्यात आधीच असते, तेव्हा ज्यांना रस घ्यायचाच आहे त्यांनी फळ समोर पिळून घ्यावं.

शेवटी उसाचा रस. रेघ १९ वर. दादा म्हणाला, "याच्यात सगळी साखर धरू नकोस. शुद्धता पंच्याऐंशी धर." कारखान्याच्या भाषेत ब्रिक्समधला जो भाग खरोखर साखर असतो त्याला शुद्धता म्हणतात. मोठ्या ग्लासात बर्फ सोडून दोनशे मिली रस होता, वजनात सव्वादोनशे ग्रॅमच्या जरा आत. त्यात साखर निघाली साधारण ३५ ग्रॅम. सात चमचे. माझ्या ३७ च्या मर्यादेला एका ग्लासानं हात लावला. ज्यांना वाटतं की बाटलीतलं कोल्ड्रिंक वाईट आणि रस चांगला, त्यांच्यासाठी: कोल्ड्रिंकच्या बाटलीवर शंभर मिलीला साधारण १०-११ ग्रॅम साखर लिहिलेली असते. घरच्या सफरचंदाच्या रसाची रेघ १२ वर होती. रसात जीवनसत्त्वं आणि पोटॅशियम आहे, कोल्ड्रिंकमध्ये नाही, हा फरक आहेच. चरबीच्या हिशोबात मात्र तो कामाला येत नाही.

एवढं झाल्यावर मला वाटलं की झालं, फळात साखर कमी आणि रसात जास्त, एवढीच गोष्ट आहे. पण ती तशी नाही, आणि मला या सगळ्यात सगळ्यांत महत्त्वाचं जे वाटतं ते इथंच आहे.

चार मोसंब्या काट्यावर ठेवल्या, ७६० ग्रॅम. सालं काढल्यावर ५३० राहिल्या. पिळून गाळल्यावर रस ३०० मिली, आणि फडक्यात ओला चोथा दोनशे ग्रॅमच्या वर. ग्लासात साखर पंचवीस ग्रॅमच्या जवळपास, कॅलरी ११५ च्या घरात. दुसऱ्या दिवशी सकाळी रसाऐवजी मी दोन मोसंब्या सोलून फोडी खाल्ल्या. गर २६५ ग्रॅम, कॅलरी त्याही ११५ च्याच आसपास, साखर वीस ग्रॅमच्या वर. म्हणजे दोन अख्ख्या मोसंब्या आणि चार मोसंब्यांचा एक ग्लास यांचं वजनाच्या हिशोबात मोल जवळजवळ सारखं. चोथ्यात साखर राहून जाते, म्हणून रसाचा आकडा फुगत नाही. मग फरक कुठं पडतो?

रस पिऊन झाला ते कळलंही नाही. फोडी खायला पंधरा मिनिटं लागली, तिसरी मोसंबी समोर होती आणि नको वाटली. आणि खरा फरक अकरा वाजता. रसाच्या दिवशी पोह्यांची ताटली नेहमीएवढीच होती, शिवाय अकराच्या चहाबरोबर दोन खारी. मोसंबीच्या दिवशी पोहे थोडे उरले आणि खारीची आठवण झाली नाही. वहीत दोन्ही दिवस समोरासमोर ठेवले तर रसाच्या ११५ कॅलरी सरळ जमा झाल्या होत्या. फळाच्या ११५ नी दुसरं काहीतरी ताटातून काढलं होतं. एकीच्या एका वहीवरून निष्कर्ष काढायचा नाही, म्हणून मॅडमना विचारलं. त्यांनी दोन जुने प्रयोग सांगितले.

पहिला १९७७ चा, लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेला. दहाजणांना एकेका दिवशी सफरचंद अख्खं, त्याचा लगदा आणि त्याचा रस दिला. कार्बोहायड्रेट प्रत्येक वेळी सारखेच, ६० ग्रॅम. रस अख्ख्या सफरचंदाच्या अकरापट वेगानं पिऊन झाला, लगद्याच्या चौपट वेगानं. पोट भरल्याची भावना सफरचंदानं सगळ्यांत जास्त, रसानं सगळ्यांत कमी. रक्तातली साखर चढली तिन्हींत सारखीच, पण रसानंतर इन्सुलिन जास्त आलं आणि मग साखर जास्त खाली घसरली. दुसरा २००९ चा, अमेरिकेतला. जेवणाआधी लोकांना सव्वाशे कॅलरींचं सफरचंद दिलं, तेवढ्याच कॅलरींचा लगदा, रस, आणि रसात तंतू परत मिसळून. ज्यांनी फोडी खाल्ल्या त्यांचं आधीच्या फळासकट एकूण जेवण, काहीच न खाता जेवलेल्या दिवसापेक्षा १५ टक्क्यांनी कमी झालं. रसात तंतू मिसळूनही तेवढा फायदा झाला नाही.

हे शेवटचं मला फार उपयोगी पडलं, कारण घरोघरी सांगतात की मिक्सरमधून काढा, चोथा गाळू नका, मग चालतं. तंतू हवेतच, पण चावणं, फळाचा आकार, पोटात लागणारी जागा हे सगळं मिळून काम करतं, आणि मिक्सर ते सगळं मोडून टाकतो. स्मूदी रसापेक्षा बरी, फळापेक्षा नाही.

आता जिममधल्या सरांच्या फ्रुक्टोजचं. त्यांच्या बोलण्यात अर्धं खरं आहे, म्हणूनच ते पटतं. फ्रुक्टोज मुख्यतः यकृतातच पोचते. पण तिथं तिचं बरंचसं ग्लुकोज, लॅक्टेट आणि साठवणीचं ग्लायकोजेन होतं. चरबीत जाणारा वाटा, जोवर आपण गरजेपेक्षा कमी खातोय तोवर, अगदी थोडा. मॅडमच्या शब्दांत, "तुमच्या दीडशे ग्रॅमच्या पेरूत सगळी साखर मिळून तेरा-चौदा ग्रॅम. त्यातली निम्मी फ्रुक्टोज. यकृताला याची काळजी करायला वेळ नाही." मोठ्या प्रमाणात फ्रुक्टोज, तीही पातळ, आणि वर एकूण कॅलरी गरजेपेक्षा जास्त, असं रोज झालं तर यकृत चरबी करायला लागतं आणि ट्रायग्लिसराइड वाढतं. माझं ट्रायग्लिसराइड १८८ होतं, त्यामुळं ते वाक्य मी वहीत लिहून घेतलं. चरबी घटते ती एकूण तुटीनं. फळातल्या साखरेला त्यातून सूट नाही आणि शिक्षाही नाही.

मॅडमनी ठरवून दिलं ते असं. दोन्ही रस बंद. अकरा वाजता एक फळ आणि पाच वाजता एक, दोन्ही मिळून दोनशे कॅलरींच्या आत. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या दिवसाच्या ताटात १०० ग्रॅम फळ आहे. मॅडमनी मला थोडं जास्त दिलं आणि त्याबदल्यात संध्याकाळचं वाटीभर भडंग काढलं. 'त्याबदल्यात' हा भाग त्यांनी अधोरेखित केला. शंभर कॅलरींत काय येतं याची यादी मी फ्रिजवर चिकटवली: कलिंगडाचा सव्वातीनशे ग्रॅम गर, पपई सव्वादोनशे, पेरू दीडशे म्हणजे मोठा एक, केळ एक, आंब्याचा गर १६०, द्राक्षं दीडशेच्या आत, सीताफळाचा गर फक्त शंभर. कुठलंच वर्ज्य नाही. कलिंगड खाऊन उठताना पोट भरलेलं असतं आणि द्राक्षं बोलता बोलता संपतात, एवढं लक्षात ठेवायचं.

मार्च महिना द्राक्षांमुळेच अवघड गेला. सांगलीहून नणंदेनं तासगावचे बेदाणे पाठवले, दोन किलो. बेदाणा म्हणजे पाणी गेलेलं द्राक्ष. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो होतो, साखर सगळी तिथंच. शंभर कॅलरी म्हणजे ३३ ग्रॅम बेदाणे, माझ्या मुठीत त्याहून जास्त मावतात. रसात फळाचा आकार जातो तसं इथं पाणी जातं, आणि दोन्हींकडं पोटाला थांब म्हणणारी गोष्ट नाहीशी होते. बेदाणे मी मोजून, दह्यात दहा-बारा असे घातले. उरलेले शेजारी दिले.

याच काळात आमच्या शाखेतल्या एका सहकारी मैत्रिणीनंही सुरुवात केली होती, तिच्या परवानगीनं सांगते. तिनं रात्रीचं जेवणच फळांचं केलं. मोठा वाडगा: केळ, चिकू, द्राक्षं, पपई, वरून मध आणि चाट मसाला. तीन आठवडे वजन हललं नाही. आम्ही तो वाडगा एकदा काट्यावर तोलला, तर मधासकट साडेचारशेच्या घरात कॅलरी आणि त्यात प्रथिनं जेमतेम चार-पाच ग्रॅम. रात्री अकराला तिला भूक लागायची आणि शेव-चिवड्याचा डबा उघडायचा. मॅडमनी तिला फळ जेवणाच्या जागी नको, खाऊच्या जागी हवं असं सांगितलं. रात्री भाकरी, पिठलं किंवा अंडं, आणि फळ पाच वाजता. तुमचं वजन फळं खाऊन थांबलं असेल तर आधी हे बघा की फळ कशाच्या जागी आलंय. कशाच्याच जागी नसेल तर कारण सापडलं.

मग एप्रिल-मे. कोल्हापुरात आंब्याच्या दिवसांत आमरस नको म्हणणं म्हणजे घरात वाद. अक्षय तृतीयेला आमरस झाला आणि मी खाल्ला, एक वाटी, साखर न घालता, पुऱ्यांऐवजी दोन चपात्यांबरोबर. आमरस हा लगदा आहे, रसापेक्षा सावकाश जातो, पण दोन वाट्या कधी झाल्या ते कळत नाही. इतर दिवशी आंबा कापून, जेवणातली एक चपाती कमी करून. महिनाभर वजनाची रेघ जवळजवळ सपाट राहिली, अर्धा किलो उतरलं. मॅडम म्हणाल्या, मे महिन्यात कोल्हापुरात एवढं पुष्कळ झालं.

एक अपवाद मात्र घरातच आहे आणि तो सांगायला हवा. माझे सासरे, मामा, इन्सुलिन घेतात. फ्रिजमध्ये त्यांच्यासाठी रसाचे छोटे पॅक कायम असतात आणि ते मी काढले नाहीत. साखर ७० च्या खाली गेली, घाम फुटला, हात थरथरले की तिथं पेरू चावत बसायचं नसतं. अर्धा कप रस, म्हणजे साधारण पंधरा ग्रॅम साखर, लगेच. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. रस भराभर चढतो हाच त्या वेळी गुण आहे. ज्यांना मूत्रपिंडाचा आजार आहे त्यांनीही वरची यादी माझ्यासारखी फ्रिजवर लावू नये. त्यांना पोटॅशियम बघून फळ निवडावं लागतं आणि ते त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

पॅकवरून आठवलं. मागच्या बाजूला तक्त्यात 'एकूण साखर' आणि 'वरून घातलेली साखर' अशा दोन ओळी असतात. दुसरीत शून्य बघून समाधान मानू नका, पहिली वाचा. शंभर मिलीला दहा-बारा ग्रॅम असतेच. 'शंभर टक्के फळांचा रस' असा दावा पॅकवरून काढायला अन्न सुरक्षा प्राधिकरणानं जून २०२४ मध्ये कंपन्यांना सांगितलं, कारण त्यातला बराचसा आटवलेल्या रसात पाणी घालून केलेला असतो.

बिलांचं सांगायचं राहिलं. मॅडमच्या फीच्या पावत्या मी संस्थेच्या वैद्यकीय प्रतिपूर्तीसाठी लावल्या. 'आहार सल्ला हा औषधोपचार नाही' असं लिहून फाइल परत आली. मग ज्या डॉक्टरांनी जानेवारीत तीन ओळी लिहिल्या त्यांच्याकडून लेटरहेडवर चिठ्ठी घेतली, की उपाशीपोटी साखर सीमेवर असल्यानं आहारतज्ज्ञाचा सल्ला आवश्यक. ती जोडून, मूळ पावत्या आणि रिपोर्टची झेरॉक्स लावून पुन्हा दिली. तुमच्याकडं अशी सोय असेल तर ही चिठ्ठी पहिल्याच दिवशी घ्या, मागच्या तारखेनं कोणी देत नाही. चिठ्ठी घ्यायला गेले तेव्हा 'फळे बंद'चंही विचारलं. डॉक्टर हसून म्हणाले, "पेशंटला फळं चालतील म्हटलं की ते रस काढून पितात, म्हणून बंद लिहितो." त्यांचाही इलाज नसेल, पण पेरूचा त्यात काही दोष नव्हता.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पुन्हा रक्त दिलं, या वेळी स्वतःच्या खर्चानं, साडेसातशे रुपये. वजन ६९.४. कंबर ३८ इंचांवरून साडेपस्तीस. उपाशीपोटी साखर ९६, ट्रायग्लिसराइड १४२. यातलं किती रस बंद केल्यानं आणि किती चहाची साखर अर्धी केल्यानं, भडंग गेल्यानं, रोजच्या फिरण्यानं, हे वेगळं काढता येत नाही आणि मी काढणारही नाही. दोन रसांच्या मिळून दिवसाच्या अडीचशे कॅलरी गेल्या एवढं वहीत दिसतं, आणि त्यांच्या जागी भूक आली नाही हेही दिसतं. एक किलो चरबीला साधारण ७७०० कॅलरी धरतात. गुणाकार ज्याचा त्यानं करावा.

पुढची भेट ऑगस्टमध्ये आहे. त्यानंतर सीताफळं येतील, तेव्हा गर तोलायला काटा बाहेरच ठेवलाय. प्रतिपूर्तीची फाइल सध्या मुख्य कार्यालयात आहे, दुसऱ्या टेबलावर पोचली असं कळलं.